घरातलं माणूस गेलं, साहेबांना काय कळवू? रजा आणि कामाचा ताबा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आंब्याचा रस बाहेर पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी बरीच वर्षं डिस्पॅच बघते. माहेर गुहागर तालुक्यात, म्हणजे जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरायचं आणि पुढे गाडी. असे मेसेज मी स्वतः पाठवलेत. आता हाताखाली चार माणसं आहेत, त्यामुळे मलाही येतात. नवीन मुलं जे प्रश्न घाबरत विचारतात, ते इथे एकत्र केलेत.

पहाटे कळलं. साहेबांना लगेच फोन करायचा का?

पहाटे चारला कळलं तर चारला फोन नको. मेसेज मात्र गाडीत बसण्याआधी टाकून मोकळं व्हा. एकदा घाट उतरून वाडीत शिरलात की माणसं गळ्यात पडणार, कुणी मुंबईची गाडी कुठवर आली विचारणार, कुणी लाकडांचं विचारणार. त्या गडबडीत मोबाइल कुठे ठेवला तेही आठवत नाही.

मेसेज थेट वरिष्ठांना करायचा, ज्यांच्या सहीने रजा मंजूर होते त्यांना. ऑफिस उघडायच्या वेळेपर्यंत निळ्या खुणा दिसल्या नाहीत तर एकच फोन. बोलताना आवाज फुटेल असं वाटत असेल तर नवऱ्याला किंवा भावाला करू द्या. त्यांनी एवढंच सांगायचं: "मी अमक्यांचा भाऊ बोलतोय, मेसेज केलाय तो बघा." पुढची माहिती मेसेजमध्ये असतेच.

मेसेजमध्ये नेमकं काय लिहायचं?

नातं, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तोवर काम कुणाकडे, आणि तुम्ही कधी सापडाल. बाकी काही नाही. समजा मंगळवारी १४ तारखेला वडील गेले. मी असं लिहीन:

> सर, नमस्कार. आज पहाटे माझे वडील वारले. मी गुहागरला गावी निघाले आहे. आज मंगळवार १४ ते शुक्रवार १७ अशी चार दिवस रजा द्यावी, शनिवारी १८ तारखेला कामावर येते. आजचा ट्रक गोडाऊनचे काका बघतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. चालू कामांची यादी साडेनऊपर्यंत तुम्हाला आणि त्यांना पाठवते. गावात रेंज नसते, संध्याकाळी सातला मेसेज बघेन.

बस. यात आजार नाही, हॉस्पिटल नाही, शेवटचे शब्द नाहीत, "आपल्या सहकार्याची नम्र अपेक्षा आहे" नाही. लिहिणाऱ्याला हे कोरडं वाटतं. वाचणाऱ्याला वाटत नाही, कारण दुसरं वाक्य वाचल्यावर त्याला पुढे फक्त आज काय करायचं एवढंच शोधायचं असतं.

"वारले" हा शब्द मुद्दाम सुचवते. "बाबा सिरीयस होते आणि मग…" असं अर्धवट लिहिलं की समोरचा माणूस फोन करून विचारतो, आणि तुम्हाला तेच पुन्हा तोंडाने सांगावं लागतं.

साहेब केरळचे किंवा उत्तरेकडचे असतील तर "दहावं", "तेरावं", "कार्य" असले शब्द टाळून नुसत्या तारखा द्या. आमच्याकडे एका मुलाने "दिवसांना जायचंय" असं लिहिलं होतं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "किती दिवसांना?"

"काय झालं होतं?" असं विचारलं तर?

माणसं विचारतात. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो, काय बोलावं सुचत नाही म्हणून तोंडातून तेच निघतं. "अचानक झालं सर, आत्ता बोलवत नाही" किंवा "आजारी होते, आल्यावर बोलू." एवढ्यावर थांबलात तरी चालतं.

थोडं सांगितलं की आणखी विचारलं जातं, हा माझा अनुभव. कुठल्या डॉक्टरकडे होते, आधी मुंबईला का नेलं नाही, तपासण्या कधी केल्या. आपण दारात उभे असतो, आत बाबांना अंघोळ घालायची तयारी चाललेली असते, आणि फोनवर आपण इसीजीचा हिशोब देत असतो. आत्महत्या, अपघात, दारू, घरातलं भांडण, असं काही असेल तर पहिल्या दिवसापासून एकच वाक्य ठरवून घ्या आणि सगळ्यांना तेच सांगा. दोघांना दोन वेगळी उत्तरं गेली की चहाच्या टेबलावर ती जुळवली जातात.

ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचं का?

तुम्ही नको. साहेबांना लिहा की "ग्रुपवर तुम्ही कळवलंत तर बरं, फक्त वडील वारले आणि मी १८ ला येते इतकंच." हात जोडल्याची चित्रं येत राहतात आणि त्याखाली ट्रकचा नंबर दडून जातो. कामाचा ग्रुप कामाचाच राहू दे.

किती दिवस मागायचे? एकदम तेरा दिवस मागू का?

इथे बरेच जण अडखळतात. घाईत "तेराव्यापर्यंत रजा" असं लिहितात, साहेब कॅलेंडर बघतात आणि दचकतात. किंवा उलट, लाजेपोटी दोन दिवस मागतात आणि मग रोज एक-एक वाढवतात. दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट, कारण काम कुणाला सोपवायचं हे कुणालाच ठरवता येत नाही.

त्यापेक्षा रजा दोन तुकड्यांत मागा. पहिला तुकडा आत्ताचा, दुसरा कार्याचा.

वरचंच उदाहरण घेऊ. आमच्याकडे गेलेला दिवस पहिला धरतात. मंगळवार १४ हा पहिला, म्हणजे दहावा गुरुवार २३ ला, बारावा शनिवार २५ ला आणि तेरावा रविवार २६ ला. पटकन चौदात दहा मिळवले तर २४ येतात, आणि एका दिवसाची चूक होते. मृत्यू रात्री उशिरा झाला असेल तर दिवस कुठला धरायचा हे घराघरात वेगळं असतं, ते भटजी किंवा घरातलं मोठं माणूस सांगेल. म्हणून दुसऱ्या तुकड्याची तारीख पहिल्या मेसेजमध्ये देऊच नका. दोन दिवसांनी, घरात ठरलं की लिहा:

> सर, वडिलांचं कार्य गुरुवार २३ ते रविवार २६ असं आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी तीन दिवस रजा हवी. सोमवारी २७ ला हजर. शनिवारी १८ ला आल्यावर त्या तीन दिवसांचं काम लावून देते.

चार आणि तीन, सात दिवस. मी लग्न झालेली मुलगी, आमच्या घरच्या रीतीने मला सुतक तीन दिवसांचं, म्हणून मधे कामावर येता आलं. ज्याने अग्नी दिलाय, त्याला बऱ्याच घरांत दहाव्यापर्यंत घर सोडता येत नाही. अशा मुलाने सरळ १४ ते २५ मागावी, आणि "क्रियेला मी बसलोय, दहाव्यापर्यंत घराबाहेर पडता येत नाही" एवढं एक वाक्य लिहावं. साहेबांनी सुतक मानावं असा आग्रह नाही, पण मधे एक दिवस "जरा येऊन जा" असं ते म्हणणार नाहीत.

ही रजा कुठल्या खात्यातून जाते?

आधी कंपनीच्या नियमात शोकरजा आहे का बघा. काही ठिकाणी जवळच्या नातलगासाठी तीन-चार दिवस वेगळे असतात. खासगी नोकरीत अशी वेगळी रजा दिलीच पाहिजे असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे "ती माझा हक्क आहे" या सुरात सुरुवात करू नका.

दुकानं आणि ऑफिसांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा जिथे लागू आहे तिथे वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी असतात, आणि त्या तिमाहीने जमा होतात. म्हणजे मे महिन्यात हे घडलं तर दोन तिमाहींच्या मिळून जास्तीत जास्त चार. शिवाय आदल्या वर्षात २४० दिवस भरले असतील तर दर २० दिवसांमागे एक अशी अर्जित रजा, ती ४५ पर्यंत साठते. वरच्या सात दिवसांचा हिशोब मग असा: चार किरकोळ, तीन अर्जित. कारखान्यात असाल तर नियम वेगळे, तिथे टाइम ऑफिसला विचारा.

पण हे सगळं पहिल्या दिवशी लिहू नका. "कुठल्या खात्यातून धरायची ते आल्यावर बघू" एवढं पुरे. ज्या सकाळी बाप गेला त्या सकाळी शिल्लक रजा मोजणारा मेसेज वाचायला विचित्र दिसतो, आणि लिहिणाऱ्यालाही नंतर तो बघवत नाही.

कामाचा ताबा द्यायचा म्हणजे काय? सगळं लिहून काढायला वेळ कुठे असतो?

सगळं लिहायचं नाहीच. तुम्ही नसताना पुढच्या तीन-चार दिवसांत जे अडेल तेवढंच. आधी माझी फजिती सांगते, म्हणजे कळेल.

आई गेली तेव्हा मी मोठी थोरली यादी केली होती. गिऱ्हाइकांची नावं, जुने हिशोब, कुठली फाइल कुठे. एसटीत बसून तासभर लिहिली. त्या दुपारी न्हावाशेव्याला एक ट्रक जायचा होता, ३.१ किलोच्या डब्यांचा. यादीत लिहिलं होतं, "ट्रक आला की ई-वे बिल करणे," म्हणजे माल रस्त्याने न्यायला लागणारा ऑनलाइन कागद. काकांनी माझ्या कॉम्प्युटरवर लॉगिन टाकलं, पासवर्ड बरोबर होता, आणि ओटीपी गेला माझ्या मोबाइलवर. मी होते वाडीत. आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, वडाच्या झाडाच्या पलीकडे. माल भरलेला ट्रक गोडाऊनच्या दारात संध्याकाळपर्यंत उभा होता. ड्रायव्हर हातखंब्याला जेवून परत आला, तरी कागद नाही. शेवटी भाचा माझा फोन घेऊन सड्यावर चढला. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपली होती. खाली आई अंगणात होती आणि मी पायरीवर बसून भाच्याच्या हाकेची वाट बघत होते. ती चूक माझी होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या.

पहिली, ई-वे बिलाच्या पोर्टलवर काकांच्या नावाने वेगळा उप-वापरकर्ता करून घेतला, त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर. आता ओटीपी त्यांनाच जातो. हे शांतपणे बसून करायचं काम आहे, दुःखाच्या सकाळी होत नाही. तुमच्या कामात असं जे जे तुमच्या एकट्याच्या फोनला बांधलेलं आहे, बँकेचं असो, पोर्टलचं असो, तिथे दुसरं अधिकृत माणूस आजच लावून ठेवा. आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देणं हा ताबा नव्हे. बँकेचा ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही, तिथे साहेबांनी स्वतःच्या अधिकाराने पैसे सोडावेत.

दुसरी, यादी लिहायची पद्धत. प्रत्येक कामापुढे मी आता चारच गोष्टी लिहिते: ते कुठवर आलंय, पुढची पायरी काय, केव्हापर्यंत, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. तोच ट्रक आज असा लिहीन:

> १. न्हावाशेवा ट्रक, आज दुपारी ३. इनव्हॉइस झालंय, माझ्या टेबलाच्या डाव्या खणात हिरव्या फाइलमध्ये. ई-वे बिलाचा भाग अ भरलाय. ट्रकचा नंबर आला की काकांनी त्यांच्या लॉगिनने भाग ब भरायचा, त्याशिवाय गाडी सोडायची नाही. मुदत दोन दिवसांची मिळेल. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते, म्हणून ड्रायव्हरला उद्या रात्री एक फोन करावा. अडलं तर: अकाउंटच्या मॅडम.
>
> २. ट्रान्सपोर्टवाल्याचे पैसे, गुरुवारी. बिल तपासलंय, सरांची सही बाकी. सही झाली की मॅडम सोडतील.
>
> ३. पुण्याला पाठवायचे नमुने. शनिवारपर्यंत थांबतील. कुणी हात लावू नये, मी आल्यावर करते.

तिसरा मुद्दा बघा. "हे थांबेल" असं लिहिणंही ताब्यातच येतं. नाही लिहिलं तर कुणीतरी उत्साहाने करायला जातं आणि ८५० ग्रॅमच्या डब्यांऐवजी भलतेच डबे कुरिअरला जातात.

दोन दिवसांच्या मुदतीबद्दल: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. रत्नागिरीहून न्हावाशेवा तीनशेच्या पुढे, म्हणून दोन. तुमच्या कामात ई-वे बिल नसेल, पण अशी घड्याळाला बांधलेली एखादी गोष्ट असतेच. यादीत तिला पहिलं स्थान द्या, मग ती कितीही क्षुल्लक वाटो.

आणि ज्याच्याकडे काम देताय त्याला आधी विचारा. फोनवर अर्धा मिनिट: "काका, बाबा गेले. आजचा ट्रक बघाल का?" परस्पर नाव लिहून मोकळं झालात आणि ते माणूस त्या दिवशी लांज्याला लग्नाला असलं, तर यादी वाया गेली.

गावात रेंज नाही. साहेब फोन करत राहतील, मग?

म्हणूनच वेळ ठरवून सांगायची. मी संध्याकाळी सात लिहिते, कारण तेव्हा घरात दिवा लागून माणसं जरा बसलेली असतात आणि भाचा सड्यावर जाऊ शकतो. एकदा वेळ सांगितलीत की पाळा. सातला काही नसेल तरी "बघितलं" एवढं लिहा. दुसऱ्या दिवसापासून कुणी अवेळी फोन करत नाही.

पावसाळ्यात वीज गेली की चार्जिंगही जातं. तसं असेल तर जवळच्या दुकानाचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर फक्त साहेबांना द्या आणि "अगदी अडलं तरच" असं लिहा. ग्रुपवर तो नंबर टाकू नका, त्या शेजाऱ्यांनी काय पाप केलंय?

चुलत आजी, मावशी, शेजारचे काका… सख्खं नातं नाही, तरी मागू का?

मागा, पण नातं आहे तेच लिहा. मला ज्यांनी शाळेत पोचवलं ते शेजारचे आबा गेले तेव्हा मी "आजोबा वारले" लिहायला निघाले होते. पुढे खरे आजोबा गेले असते तर काय लिहिलं असतं? मग लिहिलं, "आमच्या वाडीतले, मला घरच्यासारखे असलेले आबा वारले, आज एक दिवस रजा हवी." मिळाली. अशा वेळी एक दिवस, फार तर दोन मागावेत आणि ते किरकोळ रजेतून जातील हे आधीच लिहून टाकावं. मावशीचं किंवा मामाचं सुतक असलं तरी ऑफिसला सुतक कळवायचं नसतं, दिवस कळवायचे असतात.

एचआर मृत्यूचा दाखला मागतंय. द्यावा लागतो का?

कंपनीच्या नियमात असेल तर द्यावा लागतो, पण पहिल्या आठवड्यात तो तुमच्याकडे नसतोच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. घरी गेले असतील तर गावच्या ग्रामपंचायतीत, शहरातल्या हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर तिथल्या नगर परिषदेत. म्हणून लिहा, "नोंद झाली की दाखला देते, या महिनाअखेरपर्यंत."

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ग्रामपंचायत किंवा नगर परिषद जो मृत्यूचा दाखला देते त्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच ते उघड करायचं नाही. कारण असतं ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आणि हॉस्पिटलच्या कागदांवर. घाईत माणसं त्याचाच फोटो पाठवतात. तो पाठवू नका, दाखला येईपर्यंत थांबायला सांगा.

"सीझन आहे, दोन दिवसांत ये" असं म्हणाले तर?

भांडू नका आणि लगेच "बरं" पण म्हणू नका. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे खरंच श्वास घ्यायला वेळ नसतो, साहेब खोटं बोलत नसतात. अशा वेळी त्यांना नेमकं काय अडतंय ते विचारा. मला एकदा "तू पाहिजेसच" असं सांगण्यात आलं. विचारल्यावर निघालं ते एकच काम, एका गिऱ्हाइकाशी दराचं बोलणं. ते मी सड्यावरून पंधरा मिनिटांत केलं आणि रजा आहे तशी राहिली.

तरीही नकारच आला तर मेसेजवर ठेवा: "सर, शुक्रवारपर्यंत येणं शक्य नाही, शनिवारी हजर राहते. रजा बिनपगारी धरलीत तरी चालेल." न कळवता गायब होणारा आणि कळवून गेलेला, यांच्या कागदात फरक पडतो.

परत आल्या दिवशी काय करायचं?

साहेबांना तोंडाने सांगून या की आलेय. मग ज्याने काम सांभाळलं त्याच्याकडे जा, स्वतःच्या खुर्चीत बसण्याआधी. यादी समोर घ्या आणि एकेक मुद्दा खोडा. झालं, झालं, राहिलं. ई-वे बिलाची प्रत फाइलला लावली का बघा, कारण ती कोण लावणार हे यादीत लिहायचं हमखास राहतं.

लोक येतील, टेबलाशी उभे राहतील. पुरुषांचं डोकं काढलेलं असलं की विचारायचीही गरज नसते. काहींना बोलायचं असतं, त्यांना दुपारच्या डब्याच्या वेळेला बोलवा. आई गेल्यानंतर मी परतले तेव्हा काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी फक्त ट्रकच्या पावतीची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली, वर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "पोचला, ६.४०", आणि चहा सांगायला उठले.